उंच माणसाची बैठक

नाशिकला गंगापूर रोडच्या ज्या जिममध्ये मी शिकवतो, तिथे एक बावीस वर्षांचा मुलगा आला. उंची १९० सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट तीन इंच. हातपाय लांबसडक, धड मात्र चारचौघांसारखंच. वर्षभर दुसरीकडे व्यायाम करून आला होता आणि त्याचा स्क्वॉट ८० किलोवर येऊन थांबला होता. वजन थांबलं याचं त्याला फारसं वाईट वाटत नव्हतं. त्याची तक्रार वेगळी होती. "सर, पाय दमतच नाहीत. सगळं कंबरेवर येतं. आणि खाली तर जाताच येत नाही."

मी त्याला रिकामा बार दिला, २० किलोचा. मोबाइल बाकावर ठेवून बाजूने व्हिडिओ काढला. पडद्यावर दिसलं ते असं. गुडघे थोडे पुढे आले आणि तिथेच थांबले. मग कंबर मागे मागे जात राहिली आणि छाती खाली खाली. मांड्या जमिनीला समांतर व्हायला अजून चार बोटं बाकी होती, तेवढ्यात कंबरेचा खालचा भाग आत वळला आणि पाठ गोल झाली. त्याला आधी दोन सूचना मिळाल्या होत्या: छाती वर ठेव आणि गुडघे बोटांच्या पुढे नेऊ नकोस. तो दोन्ही मनापासून पाळत होता. पण या दोन सूचना एकाच वेळी पाळणं त्याच्या शरीराला शक्यच नव्हतं.

का, ते समजायला एकच नियम पुरतो. बार खांद्यावर असो की हातात, तो पावलाच्या मध्यावर राहिला पाहिजे, साधारण बुटाची लेस बांधतो त्या जागेवर. पुढे गेला तर माणूस चवड्यांवर तोलला जातो, मागे गेला तर टाचांवर. जड बार घेतलेलं शरीर हा तोल आपोआप सांभाळतं. सांधे कसेही वळवेल, पण बार मध्यावरच ठेवेल. मग प्रश्न एवढाच उरतो की त्यासाठी धड किती झुकवावं लागतं.

आम्ही टेप आणली. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत मांडी ४७ सेंटिमीटर. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नडगी ४६. खुब्यापासून खांद्यावरच्या बारपर्यंत धड ५०. आता मांडी जमिनीला समांतर आहे असं समजा. गुडघा घोट्याच्या जितका पुढे जाईल तितका खुबा कमी मागे राहील. या मुलाची नडगी उभ्या रेषेपासून फार तर २५ अंश पुढे झुकत होती, म्हणजे गुडघा घोट्याच्या १९ सेंटिमीटर पुढे. मांडी ४७ ची, तेव्हा खुबा घोट्याच्या २८ सेंटिमीटर मागे. पावलाचा मध्य घोट्याच्या आणखी ५ सेंटिमीटर पुढे असतो. म्हणून बार मध्यावर आणायचा तर तो खुब्याच्या ३३ सेंटिमीटर पुढे पोचला पाहिजे, आणि ५० सेंटिमीटरच्या धडाने तिथे पोचायचं तर धड उभ्या रेषेपासून ४१ अंश झुकवावंच लागतं. "छाती वर" म्हणून कितीही ओरडलं तरी हे ४१ अंश कमी होत नाहीत. छाती जबरदस्तीने वर केली तर माणूस मागे पडेल.

झुकणं हा दोष नाही, हे मला उंच मुलांना वारंवार सांगावं लागतं. झुकणं वेगळं आणि गोल होणं वेगळं. धड सरळ काठीसारखं राहून कितीही तिरकं झालं तरी चालतं. फक्त पाठीच्या स्नायूंवर काम जास्त पडतं, म्हणून वजन कमी घ्यावं लागतं. पाठीचा आकार मात्र उभं असताना जसा होता तसाच तळाला राहायला हवा. बाजूच्या व्हिडिओत ज्या चौकटीत खालची पाठ पहिल्यांदा आत वळलेली दिसते, तिथे त्या दिवसापुरती त्या माणसाची खोली संपली. त्याच्या दोन बोटं वर थांबायचं. या मुलाचा दोष झुकण्यात नव्हता, तो त्याच्या पुढे जाऊन गोल होत होता. म्हणजे आता झुकाव कमी करायचा होता, आणि ते करायचे मार्ग आकडेमोडीतच दिसत होते: नडगी जास्त झुकवणं, किंवा मांडी आखूड करणं. मांडी आखूड करणं ऐकायला विचित्र वाटतं, पण ते खरंच करता येतं. पुढे सांगतो.

आधी नडगी. ती का अडली? भिंतीसमोर अनवाणी उभं राहायचं, एक पाऊल सरळ भिंतीकडे. टाच जमिनीवर दाबून ठेवून गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्यायचं आणि पुन्हा टेकवायचा. टाच उचलली न जाता गुडघा शेवटचा जिथे टेकतो, तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. १० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर घोटा ठीक आहे. याचे डावीकडे ६ आणि उजवीकडे ७ आले. शेवटच्या क्षणी ताण कुठे जाणवतो हेही मी विचारतो. पोटरीत मागे ओढ जाणवली तर स्नायू आखडलेला आहे आणि महिनोन्‌महिने काम केलं तर सुटतो. घोट्याच्या पुढच्या बाजूला सांध्यातच काही अडकल्यासारखं, चिमटा बसल्यासारखं वाटलं तर ताण देऊन फारसं काही हाती लागत नाही. अशा वेळी मी टाच उचलूनच कायमचं काम चालवतो. या मुलाला पोटरीत ओढ जाणवत होती.

टाच उचलणं ही काही बाहेरून आलेली युक्ती नाही. तालमीतली जुनी बैठक आठवा. खाली जाताना टाचा उचलल्या जातात, शरीराचा भार चवड्यांवर येतो, गुडघे बोटांच्या बरेच पुढे जातात आणि पाठ जवळजवळ उभी राहते. शेकड्यांनी बैठका मारणारे पैलवान गुडघे पुढे नेऊनच बसत आले. खांद्यावर जड बार असताना चवड्यांवर तोलून राहता येत नाही, म्हणून टाचेखाली काहीतरी घट्ट हवं. वेटलिफ्टिंगच्या बुटाला नेमकी हीच सोय असते. आपल्या जिल्ह्यात मनमाडला वेटलिफ्टिंग करणाऱ्या मुलामुलींच्या पायांत पाहा: तळ कडक आणि टाच साधारण २ सेंटिमीटर उंच. धावण्याचे मऊ बूट इथे उपयोगाचे नाहीत, कारण वजन आलं की टाच दबते आणि पाऊल डगमगतं.

२ सेंटिमीटरने नडगीला साधारण ६ अंश जास्त मिळतात. पुन्हा तीच आकडेमोड केली तर गुडघा २४ सेंटिमीटर पुढे जातो आणि धडाचा झुकाव ४१ वरून ३४-३५ वर येतो. एका टाचेने एवढं काम होतं. बूट नसतील तर लाकडाची पाचर करून घ्यावी. लहान प्लेटा टाचेखाली घेऊन हलकं वजन करता येतं, पण त्यावरून टाच सरकू शकते. म्हणून जड वजनाला मी प्लेटा वापरू देत नाही.

आता मांडी आखूड करण्याचं. मांडीचं हाड तेवढंच राहणार, पण ते सरळ पुढे न ठेवता तिरकं बाहेर ठेवलं तर बाजूने पाहताना त्याची लांबी कमी भरते. पावलं बाहेर वळवून गुडघेही त्याच दिशेने ३० अंश बाहेर नेले तर ४७ ची मांडी बाजूने ४१ सेंटिमीटरसारखी वागते. टाच उंच आणि गुडघे बाहेर, असं दोन्ही धरलं तर या मुलाचा झुकाव ४१ वरून २९ अंशांवर येतो. स्नायू तेच, वजन तेच, नुसती मांडणी बदलली. पण पाय किती रुंद ठेवावेत याला मर्यादा आहे आणि ती खुब्याच्या सांध्याची खोबण ठरवते. ती प्रत्येकाची वेगळी.

ती शोधायला मी जमिनीवर चार पायांवर यायला सांगतो, जनावरासारखं. पाठ सरळ ठेवून कंबर टाचांकडे मागे न्यायची आणि खालची पाठ कुठे गोल होऊ लागते ते कुणीतरी बाजूने पाहायचं. गुडघे एकमेकांजवळ ठेवून करायचं, मग थोडे लांब, मग आणखी लांब. या मुलाचे गुडघे जवळ असताना कंबर अर्ध्यात अडली. गुडघ्यांमध्ये खांद्याएवढं किंवा त्याहून थोडं जास्त अंतर ठेवल्यावर ती सर्वात मागे गेली. आणखी रुंद केल्यावर पुन्हा अडली आणि जांघेत चिमटा बसला. म्हणजे त्याची रुंदी मध्यम. जांघेच्या पुढच्या बाजूला असा चिमटा बसत असेल तर तो ताणून घालवायचा प्रयत्न करू नये. रुंदी बदलूनही तो गेला नाही, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

हे सगळं कळल्यावर मगच कुठला स्क्वॉट करायचा ते ठरलं. पहिले चार आठवडे गॉब्लेट स्क्वॉट: डंबेल दोन्ही हातांनी छातीशी उभं धरायचं, टाचेखाली पाचर, पावलं त्या मध्यम रुंदीवर. छातीशी धरलेलं वजन धडाच्या पुढे असतं, त्यामुळे तोल साधायला धड कमी झुकलं तरी भागतं. पहिल्याच दिवशी १६ किलोच्या डंबेलने त्याच्या मांड्या समांतर झाल्या आणि पाठ सरळ राहिली. बाक धरून उभं राहत तो म्हणाला, "सर, मांड्या पेटल्या." वर्षभरात पहिल्यांदाच काम मांड्यांनी केलं होतं.

डंबेल ३० किलोचं झालं की धरताना हात आणि पाठच आधी दमतात, तेव्हा फ्रंट स्क्वॉटकडे वळलो. बार गळ्याशी, खांद्यांच्या पुढच्या भागावर. इथे उंच माणसाला एक अडचण येते आणि ती क्वचितच कुणी सांगतं. दंडाच्या मानाने हात कोपरापुढे लांब असेल तर मनगट वळवून बार धरणं फार त्रासाचं होतं आणि कोपर खाली येतात. कोपर पडले की बार पुढे घरंगळतो आणि पाठ गोल होते. उपाय सोपा आहे: मनगटाचे पट्टे बारला गुंडाळून लगामासारखे उभे धरायचे. मूठ बारपासून थोडी वर राहते आणि कोपर वर येतात. हात एकमेकांवर घडी घालून धरणारेही आहेत, पण त्यात एक खांदा पुढे जातो, म्हणून मला पट्टे बरे वाटतात.

फ्रंट स्क्वॉटमध्ये किती खाली जायचं हे ठरवायला आम्ही रॅकच्या आडव्या सळ्या त्याच्या खोलीच्या उंचीवर लावल्या. बार हळूच सळ्यांना टेकला की वर यायचं. खोली मनावर न सोडता सळ्यांवर सोपवली की थकलेल्या शेवटच्या आवर्तनातही ती बदलत नाही.

लो-बार स्क्वॉटबद्दल मला नेहमी विचारतात. त्यात बार खांद्यांच्या पाठीमागे खाली ठेवतात आणि मुद्दाम कंबर मागे नेतात. घोटा अडलेला असला तरी तो करता येतो, कारण त्यात नडगी उभीच राहते. पण बार खाली आल्यामुळे धडाचा वापरात येणारा भाग आखूड होतो आणि झुकाव आणखी वाढतो. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचं असेल, जिथे खुब्याशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेल्याशिवाय लिफ्ट मान्य होत नाही, तर उंच माणसाने लो-बार शिकून घ्यावा. ज्याचं सगळं आधीच कंबरेवर येत होतं आणि ज्याला मांड्या हव्या होत्या, त्याला मी तो दिला नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा मागचं पाऊल बाकावर ठेवून एका पायाचा स्क्वॉट दिला. त्यात मागचा पाय मागेच असल्यामुळे धड फारसं झुकावं लागत नाही आणि कमी वजनात पूर्ण खोली मिळते.

डेडलिफ्टची गोष्ट निराळी, कारण तिथे लांब हात कामाला येतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवत होता, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळवलं. वल्हवणाऱ्याला उंची आणि लांब हातपाय लागतात, कारण प्रत्येक ओढीत वल्हं लांबवर जातं. डेडलिफ्टमध्येही हात लांब असले की बारपर्यंत पोचायला कमी वाकावं लागतं. पण पायही तेवढेच लांब असतील तर हा फायदा बराचसा खर्च होऊन जातो. म्हणून उंची पाहून डेडलिफ्ट ठरवू नये, हात आणि पाय यांचं प्रमाण पाहावं. सरळ उभं राहून हात सैल सोडले की मूठ मांडीच्या मध्याच्या बरीच खाली आली तर साधा डेडलिफ्ट जमण्यासारखा आहे. मूठ जांघेजवळच राहिली तर बार उंचावर ठेवून सुरुवात करावी, किंवा पाय रुंद ठेवून सुमो करून पाहावा. या मुलाची मूठ बरीच खाली येत होती. सुमो करून पाहिला, पण तेवढ्या रुंदीवर जांघेत तोच चिमटा बसला, म्हणून तो सोडून दिला.

तरी साध्या डेडलिफ्टमध्येही त्याची पाठ सुरुवातीलाच गोल होत होती. कारण शोधायला मी पुन्हा टेप काढली आणि या वेळी प्लेटा मोजल्या. स्पर्धेची मोठी प्लेट ४५ सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आमच्याकडच्या रबरी २० किलोच्या प्लेटा ४० च्या निघाल्या. १० किलोच्या तर ३० च्या. नवशिका म्हणून तो दोन्ही बाजूंना १०-१० किलो लावून ४० किलो उचलायचा, तेव्हा बार जमिनीपासून फक्त १५ सेंटिमीटरवर असायचा, म्हणजे जिथे असायला हवा त्याच्या साडेसात सेंटिमीटर खाली. हलकं वजन म्हणून सोपं दिलेलं काम त्याच्यासाठी सगळ्यात अवघड जागेवरून सुरू होत होतं. तुमच्या जिममधल्या प्लेटा एकदा मोजून पाहा. उंच माणसाच्या पाठीच्या निम्म्या तक्रारी मला तिथेच सापडल्या आहेत.

पहिला महिना आम्ही जमिनीवरून बार उचललाच नाही. रोमानियन डेडलिफ्ट घेतला. त्यात बार रॅकवरून मांडीशी घेऊन उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवून तसेच ठेवायचे आणि कंबर मागे ढकलत बार मांडीला घासत खाली आणायचा. मांडीच्या मागचे स्नायू ताणून थांबले की थांबायचं. तो गुडघ्याच्या चार बोटं खालीच थांबायचा. तिथून आणखी खाली गेला तर बार पायापासून लांब जायचा आणि पाठ वळायची. ५० किलोवर सुरुवात केली, ८-८ च्या तीन फेऱ्या. मागच्या स्नायूंना ओढ जाणवत असेल आणि पाठ फक्त आकार धरून असेल तर जागा बरोबर आहे. ओढ न जाणवता कंबरच दमत असेल, तर गुडघे जास्त वाकले आहेत किंवा बार पुढे गेला आहे.

मग प्लेटांखाली रबरी मॅट रचून बार मोठ्या प्लेटांच्या उंचीहून ७-८ सेंटिमीटर वर आणला आणि तिथून उचलायला लावलं. पावलाच्या मध्यावर बार, नडग्या बारला टेकलेल्या, खांदे बारच्या किंचित पुढे. लांब मांडी असलेल्याची कंबर इथे चित्रातल्यापेक्षा उंचच राहते. ती खाली दाबली की गुडघे बारला पुढे ढकलतात, आणि उचलताना कंबर आधी वर उसळते, बार नंतर हलतो. व्हिडिओत कंबर आणि बार एकदमच हलले तर सुरुवातीची उंची बरोबर. दर दोन आठवड्यांनी पाठ तशीच राहिली तर एक मॅट काढायची, नाही राहिली तर तिथेच थांबायचं. ज्या जिममध्ये षटकोनी ट्रॅप बार आहे तिथे हे काम आणखी सोपं होतं, कारण माणूस बारच्या आत उभा राहतो आणि मुठी वरच्या बाजूला असतात. आमच्याकडे तो नाही.

सहा महिन्यांनी त्याचा फ्रंट स्क्वॉट ६० किलोच्या पाच आवर्तनांवर होता, मांड्या समांतर, पाठ सरळ. पूर्वीच्या ८० च्या मानाने हा आकडा लहान दिसतो, पण ते ८० चार बोटं वरचे होते. भिंतीपासूनचं अंतर डावीकडे ६ वरून ८ झालं. त्याला रोज सकाळी भिंतीशी दोन-दोन मिनिटं द्यावी लागली. डेडलिफ्ट १०० किलोवर गेला, पण शेवटची मॅट काही निघाली नाही. ती काढली की पहिल्याच आवर्तनात पाठ वळते, हे आम्ही दोनदा पाहिलं. त्याला स्पर्धेत उतरायचं नाही, म्हणून ती मॅट तिथेच आहे. संध्याकाळी आला की तो आधी मॅट टाकतो, मग प्लेटा लावतो.